पुढे म्हणजे कोणत्या दिशेला?

लियोंला येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. जुन्या कापडाच्या अभ्यासक असलेल्या एका बाईंशी मंगळवारी दुपारी दोनला भेट ठरली होती. त्या दिवशी सकाळी माझं प्रयोगशाळेतलं काम लांबलं, म्हणून मी त्यांना नम्र निरोप पाठवला की आपली भेट तासभर पुढे घेता येईल का. त्यासाठी क्रियापद वापरलं ‘आव्हाँसे’, कारण शब्दकोशात त्याचा अर्थ दिला होता ‘पुढे जाणे, पुढे सरकवणे’. त्यांचं लगेच उत्तर आलं, हो, चालेल. मी तीनला पोचले. त्या एक वाजल्यापासून बसल्या होत्या. जेवणाची वेळ सोडून आल्या होत्या, आणि तीनला त्यांचं दुसरं काम होतं. आमची भेट दारातच संपली.

माझ्या वाक्यात विनंती होती, आदरार्थी ‘व्हू’ होतं, ‘शक्य होईल का’ होतं, क्षमाही होती. तरी एका माणसाचे दोन तास वाया गेले. इथल्या मराठी मंडळात नव्याने आलेल्यांना आपण फ्रेंच शिष्टाचार म्हणून ‘बाँझूर मादाम’ आणि ‘मेर्सी’ शिकवतो. माझं म्हणणं असं की आयत्या वेळी भेट रद्द करताना किंवा बदलताना समोरच्याच्या वेळेचा मान क्षमेच्या शब्दांत फार थोडा असतो. निरोप केव्हा पोचतो आणि वाचणाऱ्याला त्यातून पुढचं सगळं एका वाचनात कळतं का, यात तो असतो.

आधी ते ‘पुढे’. मराठीत भेट पुढे गेली म्हणजे उशिरा गेली. ‘लग्न पुढे ढकललं’ म्हटलं की तारीख लांबली हे लहान मुलालाही कळतं. फ्रेंचमध्ये भेट ‘आव्हाँसे’ करायची म्हणजे ती आपल्या दिशेने आणायची, ठरल्यापेक्षा लवकर घ्यायची. आपण म्हणतो ‘अलीकडे घेऊ’, ते म्हणतात ‘आव्हाँसे’. आपल्या ‘पुढे ढकलणे’ला त्यांच्याकडे ‘रपुसे’ आणि ‘रपोर्ते’ हे शब्द आहेत. ‘देकाले’ म्हणजे नुसतं सरकवणं; रोजच्या बोलण्यात बहुतेक वेळा उशिराकडेच, पण नुसत्या शब्दावरून दिशा पक्की होत नाही. त्यातच एक छोटं अव्यय घात करतं. ‘द्युन अर’ म्हटलं तर ‘एका तासाने’, ‘आ युन अर’ म्हटलं तर ‘एक वाजता’. लिहिताना एका अक्षराचा फरक, आणि भेट भलत्याच वेळेला जाऊन बसते.

म्हणून माझा नियम सोपा आहे. क्रियापद कोणतंही येवो, त्याच्यापुढे जुनी वेळ आणि नवी वेळ दोन्ही आकड्यांत लिहायच्या: मंगळवार १४.०० ऐवजी मंगळवार १५.००. चोवीस तासांचं घड्याळ फ्रेंच लोक रोज वापरतात, त्यात कोरडेपणा काही नाही. त्या दिवशी मी हे आकडे लिहिले असते तर चुकीचं क्रियापदही निभावून गेलं असतं.

दुसरा प्रसंग पाच वर्षांनंतरचा, आणि त्या वेळी निरोप नीट गेला. जानेवारीतली रात्र, सव्वादहा वाजले होते. बुऱ्हाणपुरात तेव्हा पावणेतीन. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. तिथल्या आमच्या बुधवारा पेठेतून दादाचा फोन आला, बाबांना दवाखान्यात हलवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला माझी भेट होती, आणि ज्यांना भेटायचं ते गृहस्थ सेंत-एतियेनहून गाडीने येणार होते. म्हणजे आठ-साडेआठला ते घराबाहेर पडणार. मी तिकिटं शोधायच्या आधी पाच मिनिटं काढून त्यांना मेल लिहिली.

विषयाच्या ओळीत पहिलाच शब्द ‘रपोर’ घातला, म्हणजे लांबणीवर, आणि त्यापुढे भेटीचा वार, तारीख, वेळ. मोबाइलवर मेल न उघडताही तेवढं दिसतं. नमस्कारानंतरचं पहिलं वाक्य: उद्या सकाळी दहाच्या आपल्या भेटीला मी येऊ शकणार नाही. दुसरं वाक्य: घरची अडचण आली आहे, इतक्या उशिरा कळवते आहे त्याबद्दल ‘ज व्हू प्री द मेक्स्क्यूझे’, मला क्षमा करावी ही विनंती. तिसरं: ‘व्हू सरेतिल पोसिब्ल’, आपल्याला शक्य होईल का, ही भेट पुढच्या महिन्यातल्या अमुक गुरुवारी १४ वाजता किंवा लगेचच्या शुक्रवारी ९.३० वाजता घेणं, किंवा आपल्या सोयीच्या दुसऱ्या वेळी. चौथं: भेटीत दाखवणार होते ती नमुन्यांची यादी सोबत जोडली आहे, म्हणजे तुमची तयारी थांबायला नको. शेवटी ‘कोर्दियालमाँ’ आणि नाव. बस.

रात्री फोन केला नाही. इथे कामाच्या वेळेबाहेर माणसाला गाठणं हा आगाऊपणा ठरतो. २०१७ पासून तर कामानंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. पण सकाळी पावणेआठपर्यंत उत्तर नाही आलं तर फोन करायचा हे ठरवून गजर लावला होता. मेल पाठवली म्हणजे निरोप पोचला असं होत नाही. समोरचा घराबाहेर पडायच्या आत त्याने तो वाचला पाहिजे, आणि वाचला की नाही हे पाहण्याचं काम भेट रद्द करणाऱ्याचं.

‘घरची अडचण’ या दोन शब्दांवर आमच्या मंडळात एकदा बराच वाद झाला होता. एक ज्येष्ठ काका म्हणाले, हा परकेपणा आहे. वडील आजारी आहेत असं सरळ सांगावं, माणूस समजून घेतो. त्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. आपल्याकडे कारण सांगणं म्हणजे विश्वास टाकणं. ‘काय झालं?’ असं न विचारणारा माणूस आपल्याला कोरडा वाटतो. पण फ्रेंचमध्ये त्यासाठी ‘आँपेशमाँ’ हा शब्द आहे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधली पायातली बेडी आहे. वाट अडली, एवढंच तो सांगतो. हा शब्द आला की सभ्य माणूस कारण विचारत नाही, आणि कारण न सांगितल्याचा राग धरत नाही. आपला ‘अडचण’ हा शब्द अगदी त्याचा भाऊ. ‘अडणे’ त्याच्या पोटात आहे, आणि आपल्या आया-आज्यांनीही तो नेमका याच कामाला वापरला. ‘तिला अडचण आहे’ म्हटलं की घरातलं कुणी पुढे विचारत नसे. म्हणजे हा संकोच आपल्याला परका नाही.

मला दिसतं ते असं. लांबलचक कारण लिहिलं की समोरच्याला ते वाचावं लागतं, त्यावर सहानुभूती लिहावी लागते, आणि नवी वेळ मान्य करताना ‘नाही, गुरुवारी जमणार नाही’ म्हणायची त्याला चोरी होते. आजारी बापाच्या लेकीला नकार कसा द्यायचा? आपण त्याचा वेळ तर घेतलाच, वर त्याचं मोकळेपणही घेतलं. बाबांचं मी त्या गृहस्थांना सांगितलं, पण पुढे भेटल्यावर, समोर बसून. जिच्याशी ‘त्यू’ म्हणून बोलतो त्या मैत्रिणीला मात्र पहिल्या ओळीतच सगळं सांगावं. तिथे ‘आँपेशमाँ’ लिहिलं तर तिलाच लागेल.

क्षमेच्या शब्दाबद्दलही थोडं. बोलताना सगळे ‘ज मेक्स्क्यूझ’ म्हणतात आणि ते चालतं. पण लिहिताना चोखंदळ माणसाला त्यात ‘मी स्वतःला माफ करतो’ असं ऐकू येतं. म्हणून लेखी निरोपात ‘मला क्षमा करावी’ अशी विनंतीच बरी, आणि ती एकदाच. तीनदा क्षमा मागितली की तीनदा ‘काही हरकत नाही’ म्हणायचं ओझं त्याच्यावर पडतं.

हे सगळं मला फ्रान्सने शिकवलं असं वाटायचं. मग त्या जानेवारीत बुधवाऱ्यात, बाबांच्या उशाशी बसून, त्यांच्या दुकानाची जुनी पद्धत आठवली. रावेरहून एक व्यापारी धोतरजोड्या न्यायला यायचे. मी शाळकरी असताना एकदा घरी कुणी वारलं आणि दुकान बंद ठेवलं. बाबांनी पहाटेच दादाला सायकलवर पिटाळलं, रावेरला जाणाऱ्या पहिल्या गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी द्यायला. चिठ्ठीत काय होतं ते दादाला अजून पाठ आहे: आज दुकान बंद, आठ दिवसांनी याच वारी या, माल बाजूला काढून ठेवतो. कोण गेलं, कसं गेलं, यातलं काही नाही. रावेरचे व्यापारी निघायच्या आत चिठ्ठी पोचली. पण एकदा माणूसच मिळाला नाही, चिठ्ठी गेली नाही, आणि ते बंद फळ्यांसमोर ओट्यावर दोन तास बसून परत गेले. बाबा ती गोष्ट काढली की अजून गप्प होतात.

त्या ‘आठ दिवसांनी’चंही फ्रेंचमध्ये थेट रूप आहे. आपण मोजून सात दिवसांना आठ म्हणतो, तेही ‘युई जूर’ म्हणतात; आपला पंधरवडा त्यांचा ‘कँझ जूर’. ‘ज्योदी आँ युईत’ म्हणजे येत्या गुरुवारच्या पुढचा गुरुवार. नुसतं ‘ज्योदी प्रोशँ’, ‘पुढचा गुरुवार’, लिहिलं तर येता की त्यानंतरचा यावर फ्रेंच माणसांचंही एकमत होत नाही, जसं आपल्याकडेही होत नाही. इथेही उपाय तारखेचाच.

आणि नवी वेळ सुचवताना बुधवार टाळावा, निदान समोरच्याला लहान मुलं असतील तर. फ्रान्समध्ये १९७२ पासून शाळेची आठवड्यातली मधली सुटी बुधवारी असते. २०१३ मध्ये बऱ्याच गावांनी बुधवारची सकाळ शाळेला दिली, २०१७ नंतर अनेक ठिकाणी तो दिवस पुन्हा मोकळा झाला. पुष्कळ आया, आणि काही बाप, बुधवारी कामावर जातच नाहीत. अशा बाईंना तुम्ही दोन पर्याय दिले आणि त्यातला एक बुधवार असला, तर खरा पर्याय एकच उरतो, आणि ‘नाही’ म्हणायचं काम पुन्हा त्यांच्यावर. बुधवाऱ्यातली मुलगी असून हे मला इथे तिसऱ्या वर्षी कळलं.

जिथे माणसाऐवजी ऑनलाइन यंत्रणेवर घेतलेली वेळ सोडायची असते, तिथे मात्र यातलं काही लागू नाही. डॉक्टरची वेळ असेल तर शब्द जुळवत बसू नये, आधी ती रद्द करावी, म्हणजे रांगेतल्या दुसऱ्याला मिळते. न कळवता गैरहजर राहण्याला इथे ‘ससा ठेवणे’ म्हणतात, ‘पोझे अँ लापँ’. हे ससे इतके वाढले की २०२४ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे पंतप्रधान गाब्रिएल अताल यांनी २४ तास आधी न कळवणाऱ्या रुग्णाला ५ युरो दंड सुचवला. दंड योग्य की अयोग्य यावर डॉक्टरांतही वाद झाला. पण २४ तासांची ती रेघ आपल्या डोक्यात असावी: त्याआधी असेल तर मेल पुरते, त्याच्या आत असेल तर मेल आणि पोच, आणि दोन-तीन तासच उरले असतील तर आधी फोन, मग लेखी नवी वेळ.

सेंत-एतियेनच्या गृहस्थांचं उत्तर सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी आलं. दोन ओळी होत्या. शुक्रवार ९.३० चालेल, यादी मिळाली. आणि घरच्यांना धीर. गजर बंद करून मी विमानतळाची बस पकडली.