जाहिरातीतील चौरस फूट

इंग्रजी जाहिरातीत सहाशे बारा चौरस फुटांचे घर पाहता पाहता आठशे साठ चौरस फुटांचे कसे होते, हे ज्याने एकदा कागदावर मांडून पाहिले आहे, त्याला मिळकतीच्या जाहिरातीचे मराठीकरण हे शब्दकोश उघडून तासाभरात उरकण्याचे काम वाटत नाही. तालुक्याच्या गावी ही जाहिरात वाचणारा इसम बहुधा निवृत्त शिक्षक तरी असतो, नाहीतर शेतीच्या उत्पन्नातून मुलासाठी घर घेणारा बागायतदार. जमीन त्याला गुंठ्यात कळते, सातबारा तो वकिलापेक्षा बारकाईने वाचतो, परंतु ‘सेलेबल एरिया’ हा प्रकार त्याच्या गावात आजवर कोणी मोजलेला नसतो.

नुकताच माझ्याकडे आलेला मजकूर असा होता: प्रशस्त टू बीएचके, सेलेबल एरिया 860 चौ. फूट, दर 3,800 रुपये, रेडी पझेशन, क्लिअर टायटल. ‘सेलेबल’चे ‘विक्रीयोग्य क्षेत्र’ केले असते तर भाषांतर निर्दोष झाले असते आणि वाचक मात्र पूर्वीइतकाच अंधारात राहिला असता, कारण या आठशे साठात जिना, लिफ्ट, मार्गिका आणि प्रवेशदालन यांचा वाटा धरलेला होता. स्थावर संपदा अधिनियम, 2016 मध्ये ज्याची व्याख्या केली आहे ते कार्पेट क्षेत्र म्हणजे सदनिकेच्या आतील वापरता येणारी जमीन; बाहेरच्या भिंती, नळांचे डक्ट, खाजगी बाल्कनी आणि खाजगी गच्ची त्यातून वगळायची, आतल्या भिंतींची जागा मात्र धरायची. या हिशेबाने ते घर 56.86 चौ. मी., म्हणजे सुमारे 612 चौ. फूट भरले. किंमत तीच, 32 लाख 68 हजार. पण कार्पेटवर दर पडला सुमारे 5,340 रुपये. हा आकडा दडवावा असे विकणाऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे; मात्र शेजारच्या प्रकल्पाशी तुलना करायला निघालेल्या गिऱ्हाइकास नेमका हाच आकडा लागतो.

‘चटई क्षेत्र’ हा सरकारी शब्द मी कंसात ठेवतो, कारण त्याच्यापुढे ‘निर्देशांक’ लागला की तो भूखंडावर किती बांधकाम करता येईल याचे प्रमाण सांगू लागतो, आणि नगरपालिकेच्या बातम्या वाचणाऱ्याच्या मनात दोन्हींचा घोळ होतो. शिवाय गावात सगळे ‘कार्पेट’च म्हणतात. खरी तक्रार उद्भवते ती टेप लावल्यावर. खोल्यांची लांबी-रुंदी गुणून बेरीज केली तेव्हा 585 भरली. उरलेले 27 चौ. फूट आतल्या चार इंची भिंतींखाली गेले होते, आणि अशा भिंती मिळून ऐंशी फूट धावत असल्या की तेवढी जागा खातातच. म्हणून क्षेत्राच्या आकड्याखालीच ‘आतील भिंतींसह, बाल्कनी वेगळी, 48 चौ. फूट’ एवढी ओळ घातली. तीस-चाळीस फूट कमी भरल्यावरून होणारा तंटा त्या ओळीने पुष्कळसा टळतो.

‘रेडी पझेशन’चे ‘ताबा तयार’ असे करण्यापूर्वी मी दाखले मागवले. बांधकाम पूर्ण झाल्याचा वास्तुविशारदाचा दाखला हातात होता. नगरपालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र आलेले नव्हते. इंग्रजीत दोन्ही अवस्था एकाच शब्दाखाली सुखाने नांदतात. मराठीत ‘बांधकाम पूर्ण, भोगवटा प्रमाणपत्र प्रलंबित’ असेच लिहिणे भाग होते. ‘क्लिअर टायटल’ची कैफियत याहून नाजूक निघाली. मालकीबद्दल वकिलाचा शोध अहवाल स्वच्छ होता, पण सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात प्रकल्पकर्जासाठी बँकेचा बोजा नोंदलेला होता. अशा कर्जात गैर काही नाही. तथापि ‘निर्वेध’ किंवा ‘बोजाविरहित’ म्हणणे असत्य ठरले असते, आणि जाहिरातीतील असत्य विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाईची जबाबदारी हाच कायदा प्रवर्तकावर टाकतो. तेव्हा ‘मालकी निर्विवाद, प्रकल्पावर बँकेचे कर्ज, सदनिका विक्रीस बँकेचे ना हरकत पत्र उपलब्ध’ असा मजकूर ठरला, तोही ते पत्र डोळ्यांनी पाहिल्यानंतर.

एक गोष्ट मात्र मराठीत आणावयाची नसते. महारेराचा नोंदणी क्रमांक P या अक्षरापासून सुरू होतो. आकडे देवनागरी करण्याच्या उत्साहात तो कुणी ‘पी’ करून ठेवला, तर संकेतस्थळावर तो टाकून पाहणाऱ्या गिऱ्हाइकास प्रकल्प सापडणार नाही.

दलालाने तयार मजकूर दोनदा वाचला आणि जाहिरात चार ओळींनी वाढल्याची, पर्यायाने खर्च वाढल्याची तक्रार केली. मी ‘प्रशस्त’ खोडले, आणि तिसऱ्या ओळीतले ‘निसर्गरम्य’ही, तरी दोन ओळी जास्तच राहिल्या, त्या त्याने कुरकुरत मान्य केल्या.