पुडीवर चेहरा छापण्याआधी

सातारचे कंदी पेढेवाले, सांगलीचे हळद, बेदाणे आणि भडंगवाले, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. मालिकेतला ओळखीचा चेहरा आता तालुक्याच्या गावातही दुकानाच्या उद्घाटनाला येतो. त्याच भेटीत वर्षभराच्या जाहिरातीची बोलणीही होतात. बोलणी जरूर करा, पण आधी एवढं वाचा.

पहिला प्रश्न असा की हा माणूस तुमच्या मालाला शोभतो का? गाडगीळांची सराफी पेढी 1832 मध्ये सांगलीत सुरू झाली. तिच्याच परंपरेतल्या पीएनजी ज्वेलर्सच्या दागिन्यांसाठी माधुरी दीक्षित दिसल्या, तेव्हा त्याचं कारण कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. दागिना अंगावर कसा दिसतो हेच गिऱ्हाइकाला पाहायचं असतं. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाने खेळाच्या बुटांची जाहिरात केली, तीही पटते, कारण बूट कसा हवा हे तिला ठाऊक असणार. तीच हळदीच्या पुडीवर आली तर? सांगलीकर कौतुकाने पाहतील, पण हळद चांगली आहे हे तिच्यामुळे कुणाला पटणार नाही. आपल्या गावची असणं वेगळं आणि त्या मालातली जाणकार असणं वेगळं. जाहिरातशास्त्रात या जुळणीला ‘मॅच-अप’ म्हणतात. टिल आणि बसलर या अमेरिकी संशोधकांनी 2000 मध्ये याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणूस एकच, तोही काल्पनिक. काही जणांना तो खेळाडू म्हणून सांगितला, काहींना नट म्हणून. खेळाडू म्हटल्यावर ताकद देणाऱ्या वडीबद्दलचं मत सुधारलं, साध्या चॉकलेटला मात्र तसा फायदा झाला नाही. भडंगासाठी माणूस निवडताना तो किती प्रसिद्ध आहे यापेक्षा त्याच्या हातात भडंगाची पुडी खरी वाटते का, हे पाहा.

दुसरा प्रश्न अवघड आहे. जुळणी उत्तम असूनही माणूस घसरला तर काय? जानेवारी 2019 मध्ये हार्दिक पंड्या एका टीव्ही कार्यक्रमात स्त्रियांबद्दल जे बोलला, त्यावर देशभर संताप उसळला. क्रिकेट मंडळाने त्याला निलंबित केलं आणि जिलेटने त्याच्याबरोबरचं काम थांबवलं. तरुण खेळाडू आणि दाढीचं पातं, जुळणी चोख होती. जिलेटला फारसं लागलं नाही, कारण लोक ते नाव शंभर वर्षं ओळखतात. तुमचं तसं नाही. तुमचा माल ज्यांना फक्त त्या चेहऱ्यामुळे ठाऊक झाला, त्यांच्या मनात चेहऱ्याबरोबर तुमचाही माल उतरतो. म्हणून लहान धंद्याने जास्त जपायला हवं.

जिलेटने काम थांबवलं ते कोर्टाच्या निकालाची वाट न पाहता, हे नीट लक्षात घ्या. ‘गुन्हा सिद्ध झाल्यास करार रद्द’ असं कलम पुष्कळ ठिकाणी लिहितात. अशा वेळी ते काहीच कामाचं नाही. खटला उभा राहिला तरी निकालाला किती वर्षं लागतील? सलमान खानचा अपघात 2002 चा, आणि उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं डिसेंबर 2015 मध्ये. तेरा वर्षं तुम्ही थांबणार का? आणि शेवटी निर्दोष ठरणाऱ्यावर आरोपाच्या दिवशीच करार मोडून अन्याय करणार का? यातून वाट निघते ती दोन पायऱ्यांची. गंभीर आरोप किंवा उघड बदनामी झाली की जाहिरात लगेच थांबवण्याचा आणि उरलेला हप्ता रोखण्याचा हक्क तुमच्याकडे ठेवा. करार कायमचा मोडायचा की नाही ते ठरावीक मुदतीनंतर, लेखी कळवून ठरवा. अर्थात हप्ता रोखायचा तर तो उरलेला हवा. मानधन एकरकमी देऊ नका, चार हप्ते पाडा. कलमाचे शब्द वकिलाकडून बसवून घ्या.

आता सगळ्यात व्यवहाराची गोष्ट. फलक एका दुपारीत उतरतो, मोबाइलवरची जाहिरात मिनिटात बंद होते. छापील पुडीचं तसं होत नाही. तिच्यासाठी सहसा प्रत्येक रंगाचं वेगळं सिलिंडर कोरावं लागतं आणि छपाईवाला थोडा माल छापून देत नाही, रोलच्या रोल घ्यावे लागतात. गोदामातले रोल आणि दुकानदारांकडे गेलेल्या पुड्या परत कशा आणणार? त्यामुळे चेहरा फलकावर असू द्या, पुडीवर फक्त तुमचं नाव छापा. सणापुरता चेहरा हवाच असेल तर वरून चिकटवायचं लेबल करून घ्या, ते काढता येतं.

शेवटी तुमची स्वतःची बाजू. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार खोट्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दावा आधी तपासून घेतला होता हे दाखवता आलं तर ती व्यक्ती सुटते. तेव्हा तिने हळदीचा प्रयोगशाळेतला अहवाल मागितला तर राग मानू नका. तो अहवाल कराराला जोडा आणि त्यात नसलेलं एकही वाक्य तिच्या तोंडी घालू नका.