फोटोवरून मिरे नापास करा, पास करू नका



शेतकऱ्यांच्या आणि बचत गटांच्या ग्रुपवर सध्या एक खेळ जोरात चाललाय. कुणीतरी मिऱ्यांचा, लवंगांचा नाहीतर विलायचीचा फोटो टाकतं आणि विचारतं, "माल कसा आहे? ग्रेड कोणती?" दोन मिनिटांत उत्तरं सुरू. "एक नंबर." "बोल्ड आहे, घेऊन टाका." "पपईचं बी दिसतंय." ज्यानं माल हातात घेतला नाही, तो ग्रेड सांगतोय, आणि त्या भरवशावर गटाचे पैसे जातायत.

माझं म्हणणं एवढंच. फोटोवरून माल नापास करता येतो, पास करता येत नाही. फोटोत खराबी दिसली तर ती खरी धरा. फोटोत खराबी दिसली नाही, तर त्याचा अर्थ फक्त एवढाच की ती फोटोत दिसली नाही.

आपण मोंढ्यात काय करतो ते आठवा. सोयाबीनच्या ढिगाकडं नुसतं बघून खरेदीदार "हवा आहे" म्हणाला आणि भाव पाडला, की आपण भांडतो. ओलावा मोजायचं यंत्र लावा म्हणतो. बरोबरच आहे. मग तोच शेतकरी मिरे घेताना मोबाईलच्या काचेवर बोट फिरवून ग्रेड कसा काय मान्य करतो? विकताना यंत्र पाहिजे आणि घेताना फोटो चालतो, हे काही पटत नाही.

आता मिऱ्यांचंच बघू, कारण तिन्ही मालांत फोटो सगळ्यात जास्त फसवतो तो मिऱ्यात.

मिऱ्यांचा दर्जा दोन गोष्टींवर ठरतो. एक, दाण्याचा आकार. दोन, दाणा किती भरलाय. आकार चाळणीनं ठरतो. 'तेलिचेरी' नाव ऐकून लोकांना वाटतं ही वेगळी जात आहे. तसं नाही. व्यापारात तेलिचेरी म्हणजे मोठा दाणा. टीजीईबी म्हणजे ४.२५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारा आणि टीजीएसईबी म्हणजे ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारा. आता अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक फोटोत कसा ओळखणार? शेजारी मोजमाप नसेल तर ३ मिलिमीटरचा दाणाही जवळून काढलेल्या फोटोत बोरासारखा दिसतो.

भरलेपणा मोजायची रीत आणखी साधी आहे. एक लिटर मापात किती ग्रॅम मिरे बसतात ते बघायचं. व्हिएतनामचे व्यापारी तर मालाला नावच तसं देतात: ५०० ग्रॅमचा माल, ५५० ग्रॅमचा माल. जड तेवढा चांगला. कारण उघड आहे. घोसातला एखाद-दुसरा दाणा पिवळा-लाल व्हायला लागला की तोडणीची वेळ होते. त्याआधी तोडलं तर आतला गर भरलेला नसतो. वाळल्यावर बाहेरून तसाच काळा, तसाच सुरकुतलेला, पण आत पोकळ. आपल्या भाषेत पोचट. तुरीतला पोचट दाणा जसा लांबून चांगल्या दाण्यातच मिसळून जातो, तसंच हे.

हे पोचट दाणे उफणून वेगळे काढता येतात. ते टाकाऊ नसतात, अर्क काढणारे कारखाने ते मुद्दाम घेतात, कारण तिखटपणा त्यातही असतो. पण त्यांचा भाव वेगळा. गडबड तिथं होते, जिथं हाच हलका माल पुन्हा चांगल्या मालात मिसळला जातो आणि सगळा 'बोल्ड' म्हणून विकला जातो. ॲगमार्कच्या एमजी १ या प्रतीत हलके दाणे वजनाच्या २ टक्क्यांवर चालत नाहीत. हे २ टक्के फोटोत दाखवणारा कॅमेरा अजून कुणाच्या खिशात आलेला नाही.

एक ताजं उदाहरण देतो. इथल्या एका बचत गटाला काळ्या मसाल्यासाठी १० किलो मिरे घ्यायचे होते. मिरची, धने घरचे, मिरे बाहेरचे. विक्रेत्यानं फोटो पाठवला. दाणे टपोरे, काळेभोर, चमकदार. ग्रुपवर कौतुकाचा पाऊस पडला. गटाच्या अध्यक्षा ताईंना मी म्हणालो, "ताई, पैसे टाकू नका. आधी एक किलो नमुना मागवा, आणि गेल्या वर्षीचे चांगले निघालेले मिरे उरले असतील ते आणा."

दोन्ही मिरे एकाच मापानं मोजले. माप असं ठरवलं: स्टीलचा डबा काट्यावर ठेवून काटा शून्य केला आणि त्यात पाणी ओतलं. बरोबर १००० ग्रॅम भरलं तिथं आतून खूण केली. म्हणजे खुणेपर्यंत एक लिटर. डबा कोरडा करून त्यात वीतभर उंचीवरून मिरे सोडले. डबा हलवायचा नाही, ठोकायचा नाही, हातानं दाबायचं नाही, कारण ठोकलं की दाणे बसतात आणि वजन वाढतं. खुणेपर्यंत सपाट करून वजन केलं. असं तीनदा करून सरासरी घेतली. जुना माल ५४५ ग्रॅम भरला. नवीन ४६८.

मग दोन्हींतले न निवडता शंभर-शंभर दाणे मोजून पाण्याच्या ग्लासात टाकले, चमच्यानं ढवळलं आणि पाच मिनिटं थांबलो. ढवळणं महत्त्वाचं, नाहीतर सुरकुत्यांत अडकलेल्या हवेनं चांगला दाणाही वर राहतो. जुन्यातले ४ तरंगले, नव्यातले १९.

इथं दोन गोष्टी नीट समजून घ्या, कारण याच जागी ग्रुपवरचे हुशार लोक घोळ घालतात.

पहिली, तरंगलं म्हणजे पपईचं बी, असं नाही. पपईचं बी तरंगतं हे खरं, पण पोचट मिरंही तरंगतं. तरंगलेले दाणे काढून हातात घेऊन बघावे लागतात. मिऱ्याचा दाणा गोल, वर जाळीसारख्या सुरकुत्या. पपईचं बी लांबट-अंडाकृती, हिरवट तपकिरी छटेचं. आमच्या १९ दाण्यांत पपई एकही नव्हती. सगळे पोचट मिरे होते. म्हणजे माल भेसळीचा नव्हता, हलका होता. विक्रेत्याला "तू पपई घातलीस" म्हटलं असतं तर तो आपल्यालाच खोटं पाडून मोकळा झाला असता.

दुसरी, पाण्यातला आकडा प्रयोगशाळेचा आकडा नव्हे. प्रयोगशाळेत हलके दाणे पाण्यापेक्षा हलक्या, अल्कोहोल मिसळलेल्या द्रवात तपासतात आणि वजनावर टक्के काढतात. पाण्यात त्याहून जास्त दाणे तरंगणार. म्हणून ग्लास दाखवून "१९ टक्के हलका आहे" असं भांडू नका. घरची चाचणी दोन मालांची तुलना करायला आहे. भांडायचं तर लिटरच्या वजनावर भांडा. ताईंनी तेच केलं. "तुम्ही ५५० सांगितलं, आमच्या मापात ४६८ भरतंय, तुमच्या मापानं मोजून व्हिडिओ पाठवा." व्हिडिओ आला नाही, भाव कमी करायची तयारी मात्र आली. गटानं तो माल घेतलाच नाही.

आणि त्या चमकेचं काय? वाळलेलं मिरं मुळात चमकत नाही, ते मंद काळं असतं. २०१२ च्या अखेरीस कोचीत वायदेबाजाराच्या गोदामांतले हजारो टन मिरे अन्न सुरक्षा खात्यानं सील केले, ते खनिज तेल सापडल्यामुळं. तेल चोळलं की दाणा काळाभोर दिसतो, बुरशीची पांढुरकी झाक झाकली जाते. म्हणजे बघा, जे फोटोत सगळ्यात सुंदर दिसतं, त्याचाच संशय आधी घ्यायचा. मूठभर मिरे पांढऱ्या कागदावर चोळा. तेलकट डाग पडला तर माल बाजूला ठेवा. पक्का निकाल प्रयोगशाळाच देणार.

लवंगेत मात्र फोटो बऱ्यापैकी कामाचा आहे, हे कबूल करायला पाहिजे. तिथली खराबी डोळ्याला दिसणारी असते. डोकं तुटलेल्या लवंगा, नुसते देठ, फुगीर झालेल्या फळलवंगा. नियमानं बिनडोक्याच्या लवंगा २ टक्क्यांवर चालत नाहीत. पसरून काढलेल्या फोटोत शंभरात दहा डोकी नसतील तर तिथंच नापास करा. पण डोकी सगळी शाबूत असली तरी तेल आधीच काढून घेतलंय का, ते फोटो सांगत नाही. चांगली लवंग पाण्यात बुडते, तेल काढलेली तरंगते. नखानं दाबली तर चांगलीला तेलाचा ओलावा सुटतो.

विलायचीत फोटोत आकार आणि फुटलेली बोंडं दिसतात. हिरवा रंग मात्र फोटोत कधीच खरा धरू नका, कारण मोबाईल स्वतःच हिरवा रंग गडद करतो, आणि काही जण रंगही लावतात. ओल्या कापसानं बोंड पुसा, कापूस हिरवा झाला तर समजलं. इथंही खरी प्रत लिटरच्या वजनात आहे. ७ मिलिमीटरच्या एजीईबी प्रतीला लिटरला ४३५ ग्रॅम लागतात. मोठं बोंड आणि आत चार सुकलेले दाणे, असा माल फोटोत राजा असतो आणि मापात भिकारी.

म्हणून इथून पुढं कुणी फोटो टाकून ग्रेड विचारली तर उत्तर देऊ नका, उलट मागणी करा. माल पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून घेतलेला पाहिजे, कारण वरचा थर नेहमी दाखवायचा असतो. शाळेतल्या मुलाच्या वहीतला आलेखाचा कागद अंथरा, त्यावरचे बारीक चौकोन एक-एक मिलिमीटरचे असतात. त्यावर शंभर दाणे सुटे पसरा आणि सावलीत, बिनफिल्टर फोटो काढा. दुसरा फोटो काट्यावरच्या लिटर मापाचा, आकडा दिसेल असा. एवढं करूनही फोटो बोलणार तो फक्त 'नाही' म्हणायला. 'हो' म्हणायचं तर नमुना हातात पाहिजे.

जे कृषी सल्लागार आणि जाणकार मंडळी ग्रुपवर फोटो बघून ग्रेड वाटतात, त्यांना हात जोडून सांगणं आहे. "फोटोवरून सांगता येत नाही, लिटरचं वजन पाठवा" एवढं लिहायला दहा सेकंद लागतात. त्यानं तुमचं ज्ञान कमी दिसत नाही. "एक नंबर माल" लिहून मोकळं होणाऱ्यांनी निदान त्या पोत्याचे अर्धे पैसे भरायची तयारी ठेवावी.

तुमच्याकडं मिरे असतील तर आजच एक लिटर मोजा आणि किती ग्रॅम भरले ते खाली लिहा. फोटो नको, आकडा लिहा.

— पोखर्णी, जि. परभणी