मोठेबाबांच्या डोक्यातली वही

वाचकहो, गेल्या वर्षी नागपुरात आमच्या वस्तीतल्या एका किराणा दुकानाच्या घरगुती बैठकीला बसण्याचा योग आला. दुकान तीन भावांचे. गिरणी सुटल्यावर हाती आलेल्या पैशांतून थोरल्याने ते टाकले आणि मग धाकटे दोघेही त्यात आले. मधल्या भावाची मुलगी बी.कॉम. झालेली. तिने दुकान सुधारण्याची एक योजना लिहून आणली होती. थोरल्या भावाशी आमची जुनी ओळख, म्हणून आम्हाला मध्ये बसवले.

मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "आपण कॉम्प्युटर घेऊ, बारकोडचे मशीन घेऊ. पंचेचाळीस हजार लागतील."

मोठेबाबांनी पान चघळत विचारले, "आपलं दुकान काय मॉल हाय काय? साखर, डाळ, तांदूळ, तेल सुट्टं जाते. साखरेवर बारकोड कुठं चिटकवशील?"

सगळे हसले. मुलगी गप्प झाली. पण ती चिडली नाही, आणि तेच आम्हाला आवडले. तिने कागदावर त्या ओळीवर काट मारली आणि म्हणाली, "बरोबर आहे मोठेबाबा. अर्धा माल सुटा आहे, तोवर मशीन नको. पण मी महिनाभर एक मोजणी केली आहे, ती तरी ऐका."

मोजणी साधी होती. रात्री दुकान बंद झाल्यावर तिने फळीवरचा एकेक माल ठोक व्यापाऱ्याच्या बिलाशी ताडून पाहिला आणि तो कधी आला ते लिहिले. दुकानात दीड लाखाचा माल होता. त्यातला एकतीस हजारांचा माल तीन महिन्यांत हललाच नव्हता. शॅम्पूच्या मोठ्या बाटल्या, महागडी बिस्किटे, डबाबंद मसाले, असे सगळे. आपल्या वस्तीत शॅम्पूची पुडी जाते, बाटली जात नाही. पण कंपनीचा माणूस "बारावर एक फुकट" म्हणाला की धाकटे काका घेऊन टाकत.

काका म्हणाले, "माल आहे ना फळीवर? कुठं पळून गेला?"

"पळाला नाही काका, पण पैसा अडकला. म्हणून आपण साखर उधारीवर आणतो. ठोकवाला रोखीपेक्षा पोत्यामागे चाळीस रुपये जास्त लावतो. पोत्यामागे आपल्याला पाऊणशे सुटतात, त्यातले चाळीस तिकडेच जातात. तेलाच्या डब्याचेही तसेच. सगळे मिळून महिन्याला चौदाशे सत्तर होतात. न विकलेला शॅम्पू आपल्या साखरेचा नफा खातो आहे."

यावर कोणी हसले नाही. मुलीचे वडील, जे तोवर जमिनीकडे पाहत होते, त्यांनी हळूच विचारले, "वर्षाचे किती?" ती म्हणाली, "सतरा हजार सहाशे चाळीस."

मग उधारीचा विषय निघाला. गिऱ्हाइकांकडे चौऱ्याहत्तर हजार येणे होते. त्यातले बावीस हजार नऊ घरांकडे, आणि त्या घरांनी सहा महिन्यांत एक रुपया दिला नव्हता. मुलीने सुचवले, "मोबाईलवर उधारीचे अ‍ॅप असते. आपण नोंद केली की गिऱ्हाइकाला आपोआप मेसेज जातो."

मोठेबाबा एकदम सरसावून बसले. "नाही. ते होणार नाही. आपल्याकडं उधारी कोण नेते? बाया नेतात. घरात मोबाईल कोणाचा? नवऱ्याचा. पोराच्या वहीसाठी, दुधासाठी तिनं गुपचूप नेलं असते. तुझा मेसेज जाईल अन् तिकडं घरात मारहाण होईल. चाळीस वर्षं मी कोणाची उधारी दुसऱ्याला सांगितली नाही."

हे मुलीच्या ध्यानातच आले नव्हते. तिने तीही ओळ खोडली. त्याऐवजी ठरले असे : प्रत्येक घराचे वहीत एक पान आणि तसेच एक लहान कार्ड बाईच्या हातात. दोन्हीकडे एकाच वेळी लिहायचे. घराची ऐपत पाहून उधारीची मर्यादा मोठेबाबांनी ठरवायची. थकलेल्या घरांनी आठवड्याला जमेल ते द्यायचे, पण द्यायचे.

क्यूआर कोडला धाकट्या काकांचा विरोध होता. 2025 च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, ते त्यांनी ऐकले होते. मुलगी म्हणाली, "काका, कर विक्रीवर ठरतो, पैसा रोख आला की मोबाईलवर, त्यावर नाही. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची वर्षाची विक्री चाळीस लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. आपली रोजची विक्री सहा हजार, म्हणजे वर्षाला बावीस लाखांच्या आत. पण आजवर तुमच्याच खात्यावर भिशीचे पैसे येतात आणि मामाने पाठवलेलेही येतात. ते सगळे कोणी विक्री समजले तर? म्हणून दुकानाचे खाते वेगळे काढू आणि रोजची विक्री लिहून ठेवू."

शेवटी काकांनी ठेवणीतला प्रश्न काढला. "पोरी, तू उद्या सासरी जाशील. मग ह्या वह्या कोण पाहणार?"

खोली शांत झाली. मुलीचा आवाज थोडा कापला, पण ती बोलली, "म्हणून तर लिहून ठेवते आहे, काका. आज सगळा हिशेब मोठेबाबांच्या डोक्यात आहे. मागच्या पावसाळ्यात ते पंधरा दिवस दवाखान्यात होते, तेव्हा कोणाकडे किती येणे ते तुम्हाला सांगता आले का? लोक प्रामाणिक म्हणून स्वतः सांगून गेले. मी जाईन किंवा राहीन, वही दुकानात राहील."

मोठेबाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी गल्ल्याची किल्ली तिच्यापुढे ठेवली. "तीन महिने पाहू. मशीन-बिशीन नाही."

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. न हलणारा माल खरेदीच्या भावात, काही तर त्याहून कमी भावात काढला होता. बावीस हजारांचा माल गेला, त्यात तीन हजारांची खोट बसली, पण एकोणीस हजार रोख हाती आले. साखर आता रोखीने येते. नऊपैकी पाच घरे आठवड्याला शंभर-दोनशे देऊ लागली. बाकी चार घरांचे पैसे येतील असे मुलीलाही वाटत नाही. एक चूकही झाली. एका पोराने पैसे पाठवल्याचा जुना फोटो मोबाईलवर दाखवला आणि धाकट्या काकांनी तीनशे ऐंशीचा माल देऊन टाकला. तेव्हापासून पैसे आल्याचे बोलून सांगणारा डबा लावला आहे. त्याला महिन्याचे थोडे भाडे पडते.

कंपनीचा माणूस अजूनही येतो आणि बारावर एक फुकट सांगतो. पण आता धाकटे काका आधी वही उघडतात आणि त्याला विचारतात, "मागच्या बारातल्या किती गेल्या, ते पाहू दे."

वाचकहो, तुमच्या घरी दुकान, गिरणी, टपरी काही असेल तर आज रात्री एवढेच करा. फळीवरची सगळ्यात जास्त धूळ बसलेली वस्तू उचला, ती कधी आली ते बिलात पाहा, आणि तिची किंमत एका कागदावर लिहा. मग पुढची वस्तू घ्या.