चिठ्ठीवरची लॅटिन मंडळी

आमच्या नागपुरात ‘मेडिकलला जाऊन आलो’ असे कोणी सांगितले, तर गृहस्थ मोठ्या सरकारी इस्पितळात जाऊन आला की कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात, हे पुन्हा विचारून घ्यावे लागते. पण तो कोठूनही आलेला असो, त्याच्या खिशातल्या चिठ्ठीची भाषा एकच असते. औषधाच्या नावापुढे बी. डी., टी. डी. एस., ओ. डी., एच. एस., पी. आर. एन. अशी दोनतीन अक्षरे असतात, आणि गोळी केव्हा घ्यायची ते सगळे त्या अक्षरांत बसलेले असते. लोकांना ती इंग्रजी वाटतात. वस्तुतः ती लॅटिन आहेत.

मी मराठीचा मास्तर. औषधे देणे हे माझे काम नव्हे. परंतु शब्द भेटला की त्याचे कूळगोत्र विचारायची खोड जात नाही. आणि गंमत अशी की, ही परकी मंडळी चौकशीअंती आपल्या भाऊबंदांपैकीच निघतात. बी. डी. म्हणजे ‘बिस दिए’. त्यातला ‘बिस’ हा संस्कृत ‘द्विः’चा सख्खा भाऊ, आणि ‘दिए’ हा आपल्या ‘दिवसा’चा. दिवसातून दोनदा, एवढाच अर्थ. टी. डी. एस. मधला ‘तेर’ म्हणजे ‘त्रिः’. दिवसातून तीनदा घ्यावयाचे. एच. एस. म्हणजे ‘होरा सोम्नि’, झोपेची वेळ. ‘सोम्नुस’ आणि ‘स्वप्न’ एकाच मुळाचे, आणि ‘होरा’ तर आपल्या ज्योतिषांनीही ग्रीकांकडूनच उचललेला आहे. ही नाती एकदा ध्यानात आली, की ही अक्षरे विसरू म्हटले तरी विसरत नाहीत.

मात्र नाते कळले म्हणून काम संपत नाही. बी. डी. मध्ये ‘दोनदा’ आहे, पण दोहोंमध्ये अंतर किती हे नाही. सकाळी नऊला एक गोळी घेतली आणि आठवण राहावी म्हणून दुपारी जेवणानंतर दुसरी घेतली, तरी अक्षराची आज्ञा पाळली गेलीच! डॉक्टरांच्या मनात असतात ते साधारण बारा तास. म्हणून हल्ली पुष्कळ डॉक्टर १-०-१ असे लिहितात. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. हे कोणालाही कळते.

ओ. डी. ची गोष्ट जरा निराळी. मूळ शब्द ‘ओम्नि दिए’, म्हणजे दररोज. परंतु नेत्रवैद्याच्या कागदावर हीच दोन अक्षरे ‘ओकुलुस देक्स्तेर’ची असतात. ‘ओकुलुस’ म्हणजे ‘अक्षि’ आणि ‘देक्स्तेर’ म्हणजे ‘दक्षिण’, अर्थात उजवा डोळा. गोळीपुढे ओ. डी. असेल तर घोटाळा संभवत नाही. गोळी काही कोणी डोळ्यात घालीत नाही. चष्म्याच्या नंबरापुढे असेल तरीही नाही. घोटाळा होतो तो थेंबांच्या बाटलीशी. थेंब रोज एकदा, की थेंब उजव्या डोळ्यात? तेथे तर्क करू नये, विचारून घ्यावे. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तिकडे ओ. डी. म्हणजे डोळाच, आणि रोज एकदा यासाठी क्यू. डी. लिहीत. त्या क्यू. डी. मध्ये चुकून एक रेघ जास्त दिसली तर क्यू. आय. डी. होते, म्हणजे दिवसातून चार वेळा. अशा चुका होऊ लागल्यामुळे २००४ पासून तेथील इस्पितळांना मान्यता देणाऱ्या संस्थेने क्यू. डी. वापरण्याची मनाई केली.

पण माझ्या मते या सगळ्या मंडळींत सर्वांत सभ्य दिसणारा आणि सर्वांत सांभाळून घ्यावा लागणारा गडी म्हणजे पी. आर. एन. ‘प्रो रे नाता’. ‘नाता’ आणि आपला ‘जात’ हे मूळचे एकच. जन्मलेली, उद्भवलेली गोष्ट. प्रसंग उद्भवेल तसे, असा त्याचा अर्थ. त्याचाच धाकटा भाऊ एस. ओ. एस., ‘सी ओपुस सित’. बुडत्या जहाजाच्या हाकेशी त्याचा संबंध नाही. ‘गरज असल्यास’ एवढेच तो म्हणतो. बी. डी. आणि टी. डी. एस. आपल्याला आकडा तरी देतात. पी. आर. एन. आकडाच देत नाही. गरज कोणती, ती कोणी ठरवायची आणि किती वेळा भागवायची, हे सारे तो रोग्यावर सोपवतो. आणि रोगी तर तापाने फणफणलेला!

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या मावशींना ताप आला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, पी. आर. एन. असे होते. सूनबाई दर सहा तासांनी, ताप पाहून, गोळी देत होती. तिचे काहीच चुकत नव्हते. एवढ्यात सर्दीही वाढली म्हणून मुलाने दुकानातून सर्दीची एक गोळी आणली, दिवसातून तीनदा. सूनबाई संध्याकाळी दोन्ही पाकिटे घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, या दोन्ही संगं चालतील का, पाहा ना.” सर्दीच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत घटक छापले होते. त्यांत पहिलेच नाव पॅरासिटामॉल, ५०० मिलिग्रॅम.

आम्ही कागदावर हिशेब मांडला. ६५० च्या चार गोळ्या, म्हणजे २६००. ५०० च्या तीन, म्हणजे १५००. बेरीज ४१००. धडधाकट, पूर्ण वाढीच्या माणसासाठी चोवीस तासांची शेवटची मर्यादा ४००० मिलिग्रॅम. आणि मावशी सत्तरीच्या, वजनाने पन्नास किलोच्या आत. अशा माणसाची मर्यादा याहूनही खाली असते. सुदैवाने सर्दीची एकच गोळी पोटात गेली होती. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ती दुसरी गोळी बंद केली आणि ६५० ची गोळीही दिवसात तीनच्या वर नको, असे सांगितले.

या औषधाचा दगा असा, की प्रमाण ओलांडले तरी पहिल्या दिवशी बहुधा काही कळत नाही. फार तर मळमळ होते, अन्न नकोसे वाटते. आणि तापातही तसे वाटतेच. यकृताला झालेली इजा दिसायला एकदोन दिवस लागतात. उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम लागू पडतो. म्हणून मर्यादा ओलांडली गेल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता पाकिटांसह इस्पितळ गाठावे.

२०१६ साली वैद्यक परिषदेने नियम केला, की डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या छापील अक्षरांत लिहावे. त्यामुळे पॅरासिटामॉल हे नाव तरी वाचता येईल. परंतु पी. आर. एन. कितीही सुवाच्य लिहिले, तरी त्यात नसलेला आकडा त्यात येत नाही. तो आपणच भरून घ्यावा लागतो. चिठ्ठी हातात पडली, की उठण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या : कशासाठी घ्यायची, दोहोंत कमीत कमी किती तास, आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त किती. उत्तरे तेथेच, चिठ्ठीच्या पाठीमागे, आपल्या मराठीत लिहून ठेवावी. मावशींच्या चिठ्ठीमागे आता सूनबाईच्या हाताने लिहिले आहे : “ताप १०० च्या वर गेला तरच. सहा तासांच्या आत दुसरी नाही. दिवसात तीन, बस्स.”