नाव विचारून परत पाठवलं, तर पुढच्या तासात काय करायचं?

एप्रिल २०२०. लॉकडाऊन सुरू होता. मीरा रोडला एक डिलिव्हरी कामगार किराणा सामान घेऊन ग्राहकाकडे गेला. ग्राहकाने त्याचं नाव विचारलं आणि तो मुस्लिम आहे म्हटल्यावर सामान घ्यायला नकार दिला. कामगाराने हे सगळं मोबाईलवर टिपलं आणि काशीमिरा पोलीस ठाण्यात तक्रार दिली. पोलिसांनी भारतीय दंड संहितेच्या कलम २९५-अ खाली गुन्हा नोंदवून त्या ग्राहकाला अटक केली.

आपल्यातल्या बहुतेकांना यातला व्हिडिओच आठवतो. पण माझ्या मते महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. तो कामगार ठाण्यापर्यंत गेला. जळकोटसारख्या गावांतून पुण्या-सोलापूरला गेलेली आपली मुलं सहसा तिथवर जात नाहीत. आयडी ब्लॉक होईल, रेटिंग पडेल ही भीती असते आणि घरचेही फोनवर सांगतात, "जाऊ दे, सब्र कर." सब्र म्हणजे अपमान गिळणं नव्हे. शांत डोक्याने नोंद करणं, हाही सब्रच आहे.

ही नोंद पहिल्या तासातच व्हायला हवी. ऑर्डर पूर्ण किंवा रद्द झाली की ग्राहकाचा पत्ता आणि चॅट ॲपवर बहुधा दिसेनासे होतात. फोनही कंपनीच्या नंबरमार्फत लागतो, त्यामुळे ग्राहकाचा खरा नंबर आपल्याकडे नसतो. म्हणून ऑर्डर क्रमांक, वेळ आणि पत्ता यांचे स्क्रीनशॉट आधी काढा. ऑर्डर क्रमांक असेल तर ग्राहक कोण, हे पोलीस कंपनीकडून मागवू शकतात. ॲपमध्येही लेखी तक्रार टाका आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. उद्या ग्राहकाने उलट तक्रार केली, तर तुम्ही आधी कळवलं होतं हे दाखवता येईल.

दारात उभं राहून तुमच्याशी होणारं बोलणं तेवढं रेकॉर्ड करा, घरात कॅमेरा फिरवू नका. मूळ फाईल कापू नका आणि तिच्यावर मजकूर चढवू नका. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो, म्हणून घरी पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पुरावा म्हणून पोलीस फोन मागू शकतात आणि आपलं तर पोटच फोनवर आहे. अशा वेळी फाईलची प्रत घेऊन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडण्याची विनंती करा. कायद्यात ती सोय आहे.

तक्रार लिहिताना मात्र पुष्कळांची चूक होते. "मला शिवीगाळ केली, धमकी दिली" एवढंच लिहिलं, तर ठाण्यात बहुधा अदखलपात्र नोंद होते, म्हणजे एनसी. एनसीचा तपास पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करत नाहीत. त्यामुळे घडलं ते क्रमाने आणि त्यांच्याच शब्दांत लिहा. समजा, ग्राहकाने जिन्यात अडवलं आणि गाडीची चावी काढून घेतली. मग तसंच लिहा: "रात्री ८.४० वाजता दुसऱ्या मजल्यावर त्यांनी माझं नाव विचारलं. नाव सांगितल्यावर ते अमुक शब्द बोलले. मी खाली निघालो तेव्हा जिन्यात वाट अडवून चावी हिसकावली." वाट अडवणं हा दखलपात्र गुन्हा आहे. मात्र घडलं नसेल ते एक अक्षरही लिहू नका, एका खोट्या ओळीने सगळी तक्रार पडते.

याला मर्यादाही आहेत. २९५-अ च्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ आहे. त्यात धार्मिक भावना जाणूनबुजून, दुष्ट हेतूने दुखावल्याचं सिद्ध करावं लागतं. नुसता "तुमच्याकडून घेणार नाही" हा नकार न्यायालयात पुरेसा ठरेलच असं नाही. म्हणूनच नेमके शब्द महत्त्वाचे.

घटना पुण्यात घडली आणि मुलगा घाबरून गावी आला, तरी तक्रारीचा मार्ग बंद होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, मग ते नळदुर्गचं का असेना. यालाच लोक झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. नोंद घ्यायला नकार मिळाला, तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा आणि पोचपावती जपा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे.

गावात राहून शिकणाऱ्यांनाही यात काम आहे. भाऊ किंवा मित्र फोनवर रडवेला होऊन सांगत असेल, तेव्हा कागद घ्या आणि वेळ, जागा, शब्द लिहून काढा. तक्रार एका माणसाच्या एका कृत्याविरुद्ध आहे, त्याच्या समाजाविरुद्ध नाही, हेही त्याच कागदावरून दिसलं पाहिजे.