अक्षरांचा क्रम

सांगलीहून एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. सुटींत घरीं जमलेल्या मुलांसाठीं त्यांनीं कोड्यांची शोधयात्रा रचिली. सात कागदांवर सात कोडीं लिहिलीं. त्यांच्या उत्तरांचीं पहिलीं अक्षरें जुळवून एक शेवटचें उत्तर निघावयाचें होतें, आणि त्या उत्तरांत लपविलेल्या चांदीच्या रुपयाचें ठिकाण होतें. मुलांनीं दुपारभर खपून सहा उत्तरें काढलीं. परंतु ठिकाण कोणासही सांगतां येईना. वादावादी झाली, धाकटीं रडलीं. चौथ्या दिवशीं सासूबाई नित्याप्रमाणें दासबोध वाचावयास बसल्या, तों पानांतून रुपया मांडीवर पडला. बाई विचारतात, "कोडीं कठीण झालीं काय?" त्यांनीं सर्व कागद सोबत पाठविले आहेत, म्हणून या वेळीं त्यांचीच चिकित्सा करावयाचें योजिलें आहे.

हा खेळ अलीकडे 'पझल हंट' या नांवानें ओळखला जातो. त्याचें मोठें पीठ अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. तेथें १९८१ सालीं ब्रॅड शॅफर नांवाच्या विद्यार्थ्यानें एका कागदावर बारा पोटकोडीं देऊन विद्यालयाच्या आवारांत लपविलेलें एक जुनें नाणें शोधावयास लाविलें. तेव्हांपासून तो खेळ दर वर्षीं जानेवारींत होत आला, आणि जो संघ जिंकतो त्यानेंच पुढील वर्षाचीं कोडीं रचावयाचीं असा तेथील पायंडा आहे. अनेक उत्तरांतून जें एक उत्तर काढावयाचें त्या शेवटल्या कोड्यास ते लोक 'मेटा' म्हणतात. पहिल्या अक्षरांची कल्पना मात्र आपणांस परकी नाहीं. वाल्मीकिरामायणांतील दर हजार श्लोकांतील पहिल्या श्लोकाचें आद्य अक्षर घेत गेल्यास गायत्रीचीं चोवीस अक्षरें निघतात, अशी आपल्याकडे परंपरा आहे. तेथेंही मर्म अक्षरांत नसून क्रमांत आहे, हें लक्षांत घ्यावें.

आतां बाईंचे कागद पाहूं. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर एका ग्रहाचें नांव आहे. रवीच्या कागदावर दुष्काळांत सरकारी कोठारें उघडणाऱ्या मंगळवेढ्याच्या भक्ताविषयीं विचारलें आहे, उत्तर दामाजी. मंगळाचें कोडें असें: शाई पितो, पण स्वतः एक अक्षर शिकत नाहीं, उत्तर बोरू. बुधाच्या कागदावर उंदरांचा काळ, अंगीं विष नाहीं, माथीं मात्र गाईचें दूध पिण्याचा आळ, म्हणजे धामण. शुक्राचें उत्तर पाणिनि, शनीचें हापूस. हीं पांच मुलांनीं अचूक सोडविलीं.

राहिले सोम आणि गुरु. सोमाचें कोडें मला फार आवडलें: "आम्ही सात आहों; पण आमच्यांतल्या एकाच्या शेजारीं जी आठवी बसते, ती दाखविल्यावांचून लग्नाचा विधि पुरा होत नाहीं." आठवी म्हणजे अरुंधती आणि उत्तर सप्तर्षी, तें मुलांस आलें नाहीं. गुरूच्या कागदावर "पुढचे पाय लांब, मागचे आखूड, पाठीस उतार, हाडें फोडून खातो" असें वर्णन आहे. मुलांनीं लांडगा असें लिहिलें. पाहिजे होतें तरस. (हसणारें तरस तें आफ्रिकेंतलें, ठिपक्यांचें, आपल्याकडील पट्टेरी. बाईंनीं हास्याचा उल्लेख टाळला, तें योग्यच केलें.)

म्हणजे मुलांजवळ पांच बरोबर, एक चूक आणि एक रिकामी जागा एवढी सामग्री होती. एवढ्यावर रुपया सांपडावयास हवा होता काय? माझें उत्तर असें कीं, निःसंशय हवा होता.

मुलांनीं उत्तरें ज्या क्रमानें सुटलीं त्या क्रमानें पाटीवर लिहिलीं. हापूस, बोरू, धामण, दामाजी, पाणिनि, लांडगा; अक्षरें झालीं 'हाबोधादापालां'. उत्तरें सुटण्याचा क्रम हा सोडविणाराच्या बुद्धीचा क्रम आहे, रचणाराच्या मनांतला नव्हे. त्यांत अर्थ शोधणें व्यर्थ. सात अक्षरें उलटसुलट मांडण्याचे ५०४० प्रकार होतात. ते सर्व करून पाहावे असें कोणी म्हणणार नाहीं. म्हणून क्रम कोठेंतरी दिलेला असलाच पाहिजे, आणि तो कागदांच्या माथ्यावरील ग्रहांत होता, हें थोरल्या नातवानें बरोबर हेरलें.

परंतु घात तेथेंच झाला. शेवटच्या कागदावर बाईंनीं लिहिलें होतें: "ग्रह जसे चालतात तसे चाला." नातू महाविद्यालयांत विज्ञान शिकणारा. त्यानें आपल्या ज्योतिषांत सांगितलेला कक्षाक्रम घेतला: चंद्र, बुध, शुक्र, रवि, मंगळ, गुरु, शनि. त्या क्रमानें 'रिकामी–धा–पा–दा–बो–लां–हा' अशी अक्षरें येतात. बाईंच्या मनांत होता वारांचा क्रम. दोन्हीं क्रम खरे, आणि गंमत अशी कीं एक दुसऱ्यापासूनच निघाला आहे. शनीपासून खालीं उतरत दर होरेस एक ग्रह मोजीत गेलें, तर चोवीस होरांनंतर चौथ्या ग्रहाची पाळी येते आणि त्याचें नांव पुढल्या दिवसास मिळतें. शनीनंतर रवि येतो तो असा. म्हणून नातवास दोष देतां येत नाहीं. दोन शास्त्रशुद्ध अर्थ निघणारें वाक्य देणें हा रचणाराचा दोष.

वारांच्या क्रमानें मांडा: दा, रिकामी, बो, धा, लां, पा, हा. शेवटीं 'पाहा' हा शब्द आपोआप उभा राहतो. 'दा–बोधा' एवढें दिसल्यावर मराठी घरांतल्या मुलास मधलें 'स' सांगावें लागूं नये. क्रम चुकला आहे कीं उत्तर चुकलें आहे, हें ओळखण्याची खूण येथेंच आहे. क्रम चुकला असेल तर शेजारचीं दोन अक्षरें कोठेंच सांधत नाहींत. नातवाची ओळ पुन्हां वाचून पाहा, तींत एकही शब्द लागत नाहीं. उलट क्रम बरोबर आणि एखादें उत्तर चूक असेल, तर त्या अक्षराच्या दोन्हीं बाजूंस अर्थ असतो आणि मध्येंच दांत पडल्यासारखें दिसतें. पहिल्या स्थितींत क्रम बदलावा, दुसऱ्या स्थितींत तें एक कोडें पुन्हां उघडावें. पुष्कळजण याच्या उलट करितात: बरोबर उत्तरांवर संशय घेऊन तीं पुसून टाकितात.

कोणी सोमवारपासून आरंभ केला असता तरी फार बिघडलें नसतें. 'दा' शेवटीं गेला असता, पण 'बोधा' आणि 'पाहा' तसेच जुळलेले राहते, आणि शेवटचें अक्षर उचलून पुढें आणिलें कीं काम झालें.

रिकाम्या जागेचा आणखी एक उपयोग आहे. शेवटचें उत्तर आधीं कळलें म्हणजे त्यावरून मागें येतां येतें. सोमाचें उत्तर 'स' नें आरंभ होणारें आहे एवढें कळल्यावर सात जणांच्या कोड्याचें उत्तर किती सोपें होतें पाहा. अमेरिकेंतले अनुभवी संघ हें राजरोस करितात. बाणानें कादंबरींत शूद्रक राजाच्या मनोविनोदांत बिंदुमतीचा उल्लेख केला आहे. तींत व्यंजनांच्या जागीं बिंदु देऊन केवळ स्वरचिन्हांवरून श्लोक पुरा करावयाचा असतो. रिकाम्या जागा भरण्याची ही जुनीच विद्या आहे.

लांडग्याची मात्र मौज ऐका. त्याच्या अनुस्वाराकडे दुर्लक्ष केलें तर ओळ होते 'दासबोधाला पाहा'. मुलांनीं ही वाचली असती, तर चुकीच्या उत्तरावरही रुपया हातीं आला असता. घरच्या खेळांत हें चालेल. पण शेवटचें उत्तर अक्षरशः तपासलें जाणार असेल, तर असा जवळचा अर्थ फार फसवा. तो लागला कीं मनुष्य कोडें पुन्हां वाचीत नाहीं. अक्षरसंख्या दिली असती तरी हा प्रमाद टळला नसता, कारण लांडगा आणि तरस दोन्हीं तीन अक्षरी. लांडग्याच्या पाठीस उतार नसतो, हें कोड्याशीं ताडून पाहणें हाच उपाय. अक्षरसंख्या द्यावी ती दुसऱ्या कारणासाठीं. आपल्या भाषेंत एका वस्तूस दहा नांवें. पाणिनीस कोणी दाक्षीपुत्र म्हणाला, तर उत्तर बरोबर आणि अक्षर चूक अशी स्थिति होते. रामायणांतील हनुमंतावर कोडें घातलें, तर मारुति, अंजनीसुत, पवनपुत्र यांपैकीं काय येईल याचा नेम नाहीं.

रोमन लिपींत पहिलें अक्षर कोणतें हा प्रश्नच उद्भवत नाहीं. देवनागरींत तो सोडविल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. बाईंनीं काना, मात्रा, वेलांटीसह अक्षर घेतलें, आणि तेंच उत्तम. नुसतें व्यंजन घ्यावयाचें ठरविलें असतें, तर 'दसबधतपह' अशी ओळ मिळाली असती आणि स्वर भरण्याचें काम मुलांवर पडलें असतें. त्यांत रचणारास मोकळीक फार, सोडविणारास आधार थोडा. अनुस्वाराचाही निर्णय आधीं व्हावा. या पृष्ठांवरील जुन्या वळणानें 'दासबोधांत' असें लिहावें लागेल, आणि मग धामणीच्या ऐवजीं 'धां' नें आरंभ होणारा शब्द शोधावा लागेल! १९६२ च्या नियमांनीं तो अनुच्चारित अनुस्वार गेला, तो बाईंच्या पथ्यावर पडला.

आणखी एक मर्यादा अशी कीं, मराठींत 'ळ' आणि 'ण' यांनीं शब्दाचा आरंभ होत नाहीं. रुपया 'माळ्यावर' लपविला असता, तर 'ळ्या' साठीं जन्मभर शोधूनही उत्तर मिळालें नसतें. 'देव्हाऱ्यात' यांतील 'ऱ्या' चीही तीच गत. म्हणून आधीं ठिकाण ठरवून मग कोडीं शोधावयास न बसतां, ठिकाणाच्या प्रत्येक अक्षरावर शब्द आहे कीं नाहीं हें पाहूनच ठिकाण कायम करावें. 'चौरंगाखाली' चालेल, 'रं' साठीं रंगपंचमी आहे.

तेव्हां बाई, तुमचीं कोडीं कठीण नव्हतीं. सोमाचें तर जसेंच्या तसें ठेवा. बदलावयाचें तें फक्त शेवटचें वाक्य: "रविवारपासून शनिवारपर्यंत चाला आणि प्रत्येक दाराशीं पहिलें अक्षर उचला." आणि सातही कागद मुलांच्या हातीं देतांना ग्रहांच्या नांवांच्या अकारविल्हे क्रमानें द्या: गुरु, बुध, मंगळ, रवि, शनि, शुक्र, सोम. कागद कोशाप्रमाणें लाविलेले दिसले म्हणजे चाणाक्ष मूल समजतें कीं हा मांडणीचा क्रम आहे, वाचावयाचा दुसरीकडे शोधावयाचा. रुपया मात्र पुढल्या खेपेस सासूबाईंच्या नित्यपाठाच्या पोथींत ठेवूं नका.